ब्रॅकेट घरी करायचा की बाहेरून घ्यायचा: आधी वेल्डरचा मिनिट मोजा

प्रश्न: काका, बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीत आमचं छोटं युनिट आहे. ब्लोअरचे स्टँड बनवतो. दोन मिग वेल्डर, शेअरिंग, १०० टनी प्रेस ब्रेक, पिलर ड्रिल, बाकी हेल्पर. एका स्टँडला ६ एमएम प्लेटचे आठ ब्रॅकेट लागतात, म्हणजे महिन्याला सुमारे ४००. ते आम्ही लेझर कटिंगवाल्याकडून तयार घेतो, २१० रुपये नगाने. मी हिशेब केला तर घरी १५६ मध्ये पडतो. बाबा म्हणतात उद्यापासून घरीच करायचा. सीए म्हणतो ओव्हरहेड धरलं तर बाहेरचाच स्वस्त. कोणाचं ऐकू? ब्रॅकेट जोडून एका स्टँडमागे सगळा माल वजा जाता ४,२०० सुटतात आणि वेल्डरचे पाच तास जातात.

उत्तर:

तुझ्या प्रश्नातलं सगळ्यात कामाचं वाक्य शेवटचं आहे. बहुतेक जण नुसता नगाचा भाव विचारतात. तू वेल्डरचे तासही लिहिलेस, म्हणून उत्तर देता येतंय. ते असं: ज्या महिन्यात वेल्डरकडे वेळ उरतो त्या महिन्यात घरी कर, आणि ज्या महिन्यात स्टँडच्या ऑर्डरीच त्याला पुरत नाहीत त्या महिन्यात बाहेरून घे. बाबा आणि सीए दोघेही वर्षभरासाठी एकच उत्तर देताहेत, तिथे दोघांचं चुकतंय. आता आकड्यांनी बघू.

आधी तुझे १५६. तू प्लेट २ किलो धरलीस, ६० च्या भावाने १२०. मजुरी १२ मिनिटांची २१, वायर आणि गॅस १५. ब्रॅकेटचं वजन बरोबर आहे. २०० बाय १८० चा मुख्य तुकडा १.७ किलोचा होतो, आणि दोन गसेट मिळून ३०० ग्रॅम. पण बाजारातून प्लेट येते ती आख्खी. कडेच्या पट्ट्या, शेअरिंगचे उरलेले तुकडे, हे सगळं तू पैसे देऊन आणलेलंच असतं. शंभर किलोतले अठ्ठ्याऐंशी किलो ब्रॅकेटमध्ये गेले तर नेस्टिंग चांगलं जमलं असं मी म्हणतो. म्हणजे एका नगाला २.२७ किलो प्लेट लागली, १३६ रुपयांची. उरलेलं भंगार विकून नगामागे आठ-नऊ रुपये परत येतात. तेव्हा माल १२७ चा धर. जीएसटी दोन्हीकडून बाहेर ठेव, त्याचं क्रेडिट दोन्हीकडे मिळतं.

वायर, गॅस, ग्राइंडिंगची चकती, ड्रिल आणि वीज मिळून १८ रुपये धर. शंभरातले तीन नग बिघडतात किंवा पुन्हा करावे लागतात, त्याचे ५. आतापर्यंत १५० झाले. हे १५० म्हणजे खिशातून खरोखर जाणारे पैसे. ब्रॅकेट केला नाही तर ते जाणार नाहीत.

आता मजुरी. २२,००० पगाराला २०८ तासांनी भागून तू तासाचे १०६ काढलेस. पण २०८ तास काम कुणाच्याच हातून होत नाही. चहा, क्रेनची वाट, प्लेट शोधणं, वायरचा रोल बदलणं, लाइट जाणं. माझ्याकडे चांगल्या महिन्यातही १४० तासांच्या वर कधी गेलं नाही. त्या हिशेबाने तास १५७ चा पडतो. वेळही १२ मिनिटं नाही. शेअरिंगचा स्टॉप लावणं, प्रेस ब्रेकवर डाय बदलणं, ड्रिलचा जिग बसवणं ही तयारी शंभर नगांवर वाटली तरी पाऊण मिनिट येते. तू ती धरलेलीच नाहीस. बाकीचा वेळही तू कमीच धरलास. एका नगाला सगळी मिळून सतरा मिनिटं धर. मजुरी झाली ४४ रुपये, आणि घरचा नग १९४ ला.

बाहेरच्या नगालाही २१० वर काही चढतं. महिन्याला टेंपोच्या दोन फेऱ्या, कडा घासायच्या चकत्या, आणि परत पाठवलेल्या नगांच्या मागे लागण्याचा खर्च. नगाला ६ रुपये धर. तो झाला २१६.

म्हणजे नीट हिशेब केला तरी १९४ विरुद्ध २१६. बाबा जिंकले असं वाटतं. सीएने मजुरीएवढंच ओव्हरहेड वर चढवलं, म्हणजे आणखी ४४, तर घरचा नग २३८ चा होतो आणि तो जिंकतो. हा वाद मी तीस वर्षं ऐकतोय. दोघांचे आकडे खरे असतात, पण चुकीच्या प्रश्नाला दिलेले असतात. प्लॉटचं भाडं आणि प्रेस ब्रेकचा हप्ता ब्रॅकेट घरी केला तरी जाणार आणि नाही केला तरी जाणार. वेल्डरचा पगारही तसाच, तो या महिन्यात नोकरीवर आहेच. हे खर्च या निर्णयाने हलत नाहीत, म्हणून निर्णयात मोजायचे नाहीत. वर्षाचा ताळेबंद करताना, स्टँडचा भाव ठरवताना ते मोजायचेच. तिथे सीएचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे.

या निर्णयात हलते ती वेल्डरची वेळ. आणि ती एका महिन्यात फुकट असते, दुसऱ्या महिन्यात सोन्याच्या भावाची.

ब्रॅकेटच्या सतरा मिनिटांतली वेल्डरची फक्त सहा आहेत. दोन गसेट, प्रत्येकाच्या दोन बाजू, दोन्हीकडून फिलेट, मिळून ६४० एमएम वेल्ड. प्रत्यक्ष आर्क दोन मिनिटंच जळतो. बाकीचा वेळ नग धरणं, टॅक मारणं, फिरवणं, स्पॅटर काढणं यात जातो. शेअरिंग, ड्रिल, डिबरिंग ही कामं हेल्पर करतात आणि त्यांच्याकडे वेळ आहे असं मी धरतोय. तुझ्याकडे तसं नसेल तर मला कळव, गणित बदलेल.

आता मंदीचा महिना घे. समज, ३५ स्टँडची ऑर्डर आहे. त्यांना वेल्डरचे १७५ तास लागतील. दोघांकडे मिळून २८० आहेत. ब्रॅकेट २८० लागतील, त्यांचे वेल्डिंगचे तास २८. एकूण २०३ झाले, तरी हात मोकळे आहेत. अशा महिन्यात प्रत्येक ब्रॅकेट बाहेरून आणला की २१६ गेले, घरी केला असता तर १५० गेले असते. नगाला ६६ प्रमाणे २८० नगांचे १८,४८० रुपये. सीएचं ऐकून बाहेरून घेतलास तर हे पैसे तू लेझरवाल्याला देऊन बसशील, आणि तुझे वेल्डर टेबलाशी बसून राहतील.

भर हंगामाचा महिना घे. स्टँड कितीही खपतात, वेल्डर कमी पडतात. ब्रॅकेट बाहेरून घेतलेस तर २८० तासांत ५६ स्टँड निघतात. प्रत्येकी ४,२०० प्रमाणे २,३५,२०० सुटले. ब्रॅकेट घरी केलेस तर एका स्टँडवर आठ नगांचे ५२८ जास्त सुटतात, म्हणजे ४,७२८. पण वेळ पाच तासांवरून पाच तास अठ्ठेचाळीस मिनिटं होते. २८० तासांत आता ४८ स्टँडच निघतात. सुटले २,२६,९४४. नगामागे ६६ वाचवून महिन्याअखेर ८,२५६ कमी हातात आले. आणि ज्या आठ स्टँडची गिऱ्हाइकं थांबली ती पुढच्या वेळी दुसरीकडे विचारतील, ते वेगळंच.

तासाला भागून बघितलंस तर स्पष्ट दिसेल. बाहेरच्या ब्रॅकेटने वेल्डरचा एक तास ८४० रुपये कमावतो, म्हणजे मिनिटाला १४. ब्रॅकेटवर घालवलेलं मिनिट ६६ भागिले ६, म्हणजे ११ वाचवतं. काम भरपूर असताना चौदाचं मिनिट अकराला विकू नये. काम नसताना अकरा रुपये सोडूही नयेत.

पहिल्यांदा हे वाचताना विचित्र वाटतं, कारण १९४ हा आकडा २१६ पेक्षा उघड लहान दिसतो. मी स्वतः यात सापडलो होतो. एका वर्षी दिवाळीच्या आधी दोन महिने काम धो धो होतं, आणि त्याच वेळी मी मोठ्या उत्साहाने क्लीट घरी करायला घेतले. कॉस्टिंग शीट वहीत चिकटवलं होतं, नगाला किती वाचतात ते कारखान्यात येणाऱ्या प्रत्येकाला दाखवत होतो. महिन्याच्या शेवटी डिस्पॅच मोजला तर नेहमीपेक्षा कमी भरला, वर ओव्हरटाइमचा दुप्पट दर द्यावा लागला. क्लीट स्वस्त झाले होते आणि पैसे कमी झाले होते. पुढचे पंधरा दिवस मी चूक मजुरीच्या रकान्यात शोधत होतो. ती तिथे नव्हतीच.

मधला महिना जास्त वेळा येतो, तोही सांगतो. समज, ५२ स्टँडची ऑर्डर आहे. २६० तास त्यातच गेले, २० उरले. वीस तासांत २०० ब्रॅकेट होतात. लागणार ४१६. मग २०० घरी, २१६ बाहेरून. ४८ स्टँडपर्यंत सगळे ब्रॅकेट घरी बसतात. त्याच्या पुढे प्रत्येक वाढीव स्टँडमागे घरचे पन्नास नग कमी होतात आणि त्या स्टँडचे आठ धरून बाहेरची मागणी अठ्ठावन्न नगांनी वाढते. दर महिन्याच्या २५ तारखेला ऑर्डर बुक उघडून हा एवढाच हिशेब करायचा. पाच मिनिटांचं काम आहे.

पण हे सगळं एका गोष्टीवर उभं आहे, आणि ती तू माझ्या शब्दावर घेऊ नकोस: तुझ्याकडे अडतंय ते वेल्डिंगलाच का? शॉपमध्ये सकाळी आठला आणि दुपारी चारला फेरी मार आणि अर्धवट माल कुठे साचलाय ते बघ. कापलेले, बेंड झालेले तुकडे वेल्डिंग टेबलापुढे ढीग लावून पडले असतील तर अडचण तिथेच. पेंटच्या रांगेत स्टँड उभे असतील तर वेल्डरचा वेळ मोकळा आहे असं समज, आणि मग हिशेब पेंटरच्या मिनिटावर कर. माझ्याकडे एकदा अडत होतं प्रेस ब्रेकवर, कारण तो चालवणारा एकच माणूस होता आणि तो गावी गेला होता. मशीन दिवसभर रिकामं दिसायचं आणि तरी अडचण तिथेच होती.

सहा मिनिटंही मोजून घे. दहा दिवस वेल्डिंग टेबलाशेजारी पाटी लाव. प्रत्येक लॉट सुरू झाला की खडूने वेळ, संपला की वेळ आणि नग. स्टॉपवॉच घेऊन वेल्डरच्या मागे उभा राहू नकोस. तो त्या दिवशी तरी वेगळ्याच वेगाने काम करेल, आणि नंतर महिनाभर तुझ्यावर नाराज राहील. पहिले वीस-पंचवीस नग हिशेबात धरू नकोस, तेवढ्यात हात बसतो.

घरी करायचं ठरलं की दोन ठिकाणी अंदाज चुकतो. दोन्ही मी हाताने भोगलेत.

पहिलं गसेटचं. ८० एमएमची अरुंद पट्टी ६ एमएम प्लेटमधून शेअरिंगवर कापलीस की ती पिळते. सुरी तिरकी उतरते, त्यामुळे अरुंद तुकडा जिलबीसारखा वळतो. टेबलावर ठेवलास की एक कोपरा वर राहतो. तो हातोड्याने सरळ करायला बसलास की सतरा मिनिटांची पंचवीस होतात. त्यापेक्षा ७५ बाय ६ चा फ्लॅट बार आण आणि त्यातून गसेट काप. फ्लॅट बार बाजारात तयार मिळतो. पण ८० चं ७५ करायच्या आधी गिऱ्हाइकाकडून ड्रॉइंगवर लेखी होकार घे. पाच एमएमने काही बिघडणार नाही हे तुला माहीत आहे, पण इन्स्पेक्शनला येणारा माणूस ड्रॉइंगच बघणार.

दुसरं बेंडचं. ६ एमएमला ५० ची व्ही डाय लाव, जाडीच्या आठपट हा नेहमीचा ठोकताळा आहे. टनेजची काळजी नको, २०० एमएम रुंदीला तुझ्या मशीनचा एक लहानसा भागच लागतो. काळजी आहे ती वेल्डिंगनंतरच्या कोनाची. गसेटचा फिलेट थंड होताना दोन्ही पाय आत ओढतो, आणि बेंडला बरोबर ९० असलेला ब्रॅकेट ८९ वर येऊन बसतो. गुण्या लावून बघ. १०० एमएमवर टोकाला दीड-दोन एमएमची फट दिसली तर एक अंश गेलाच. स्टँडवर ब्लोअरचा पाय मग एका बोल्टाशी वर राहतो, आणि फिटर तो बोल्ट ओढून बसवतो. पाय तसाच ताणात राहतो, मग कंपन आलं की तक्रार. म्हणून पहिले पाच नग बेंड, वेल्ड आणि थंड करून मोज, कितीने ओढतो ते बघ आणि तेवढा बेंड आधीच उघडा ठेव. प्लेटचा लॉट बदलला की पुन्हा पाच नग. वेगळ्या हीटची प्लेट बेंडनंतर वेगळी उघडते, कागदावर ग्रेड एकच असली तरी.

बाहेरून घेण्यातली खोच वेगळी आहे. माइल्ड स्टीलची जाड प्लेट लेझरवर बहुतेक ऑक्सिजनने कापतात. कापलेल्या कडेवर ऑक्साइडचा निळसर-काळा पापुद्रा बसतो. तो चकचकीत आणि गुळगुळीत दिसतो, म्हणून माणूस खूश होतो. त्याच्यावर रंग धरत नाही. आमचा एक लॉट पावसाळ्यात गिऱ्हाइकाच्या गच्चीवर गेला आणि तीन महिन्यांत कडेकडेने रंग पट्टीसारखा सुटला. मधला भाग अगदी नवा. आम्ही आधी पेंटरला बोललो, प्राइमर बदलला. नंतर एक नग फोडून बघितला तेव्हा सुटलेल्या रंगाच्या पाठीमागे तोच काळा पापुद्रा चिकटलेला दिसला. साठ स्टँड जागेवर जाऊन घासले. तेव्हापासून आमच्या पीओवर ‘कापलेल्या सर्व कडा ग्राइंड करून देणे’ ही ओळ असते आणि माल उतरवताना हेल्पर दहा नगांची कड फाइलने घासून बघतो. मी जे ६ रुपये धरलेत त्यात ही घासाई आहे. तुझा पुरवठादार कडा साफ करून देत असेल तर ते थोडे कमी होतील.

तुला कोणीतरी तिसरा रस्ता सुचवेल: लेझरने कापलेले, भोकं पाडलेले तुकडे बाहेरून घे, गसेटला खाच आणि जीभ ठेव म्हणजे टॅक मारायला वेळ लागत नाही, आणि बेंड-वेल्ड घरी कर. ऐकायला फार छान आहे. कापलेल्या सेटचे १६५ लागले असं समज. वायर वगैरे धरून १८० ला पडेल, वेल्डरची मिनिटं सहावरून चारवर येतील. वाचले ३६, मिनिटाला ९ रुपये. मंदीत पूर्ण घरच्या नगाचे ६६ वाचतात, त्यापुढे हे निम्मे. हंगामात चौदाच्या मिनिटापुढे नऊ. म्हणजे तुझ्या आकड्यांवर दोन्हीकडे हा रस्ता मागे पडतो. फक्त बाहेरच्याचं वेल्डिंग कच्चं निघायला लागलं तर तो हाताशी असू दे.

आपली प्लेट देऊन फक्त मजुरीवर करून घ्यायचा विचार करत असशील तर भंगार कोणाचं हे आधी लिहून ठरव. भांडणं नगाच्या भावावरून होत नाहीत, उरलेल्या तुकड्यांवरून होतात. डिलिव्हरी चलनाशिवाय प्लेट बाहेर काढू नकोस. जॉबवर्कला पाठवलेला माल एका वर्षात परत आला नाही तर जीएसटीत तो पाठवला त्याच दिवशी विकला असं धरतात.

घरी आणि बाहेर असं आलटूनपालटून करायचं म्हटल्यावर बाबा नक्की विचारतील की लेझरवाला असा का चालवून घेईल. विचारणं रास्त आहे. तो चालवून घेतो, पण दोन अटींवर. त्याला एकदम शून्यावर आणू नकोस. मंदीतही महिन्याला साठ-सत्तर नग त्याच्याकडे राहू देत. त्यासाठी तुझे चार-साडेचार हजार जातील, ते विम्याचा हप्ता समज. तेवढ्यावर त्याचा प्रोग्राम, तुझं ड्रॉइंग, त्याचा गेज, सगळं चालू अवस्थेत राहतं, आणि हंगामात फोन केलास की तो आठवड्यात २०० देऊ शकतो. आणि पैसे वेळेवर दे. तो सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंदलेला असेल तर लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या पुढे जाता येत नाही, करार नसेल तर १५ दिवस. कायद्यापेक्षाही महत्त्वाचं म्हणजे, उशिरा पैसे देणाऱ्याचा माल दिवाळीच्या गर्दीत सगळ्यात शेवटी कापला जातो.

साठाही थोडा ठेव, दहा दिवसांचा. उत्तरायणाला आपलं सगळं शहर गच्चीवर असतं, दिवाळीनंतर लाभपंचमीपर्यंत शटर उघडत नाही, होळीला आणि छठला बाहेरगावचे कारीगर जातात. ते ठरलेलं असतं, त्याची तयारी होते. पण २०२४ च्या ऑगस्टात विश्वामित्रीचं पाणी शहरात शिरलं तेव्हा टेंपोच हलेना. माझ्याकडे त्या वेळी शंभरेक ब्रॅकेट रॅकवर होते म्हणून काम थांबलं नाही. घरी केला असता तरी प्लेट आली नसती, हेही तितकंच खरं.

तिसरा वेल्डर घ्यायचा का, हे तू विचारलं नाहीस, पण वाचताना मनात आलं असेल. नुसत्या ब्रॅकेटसाठी घेऊ नकोस. ४०० ब्रॅकेट म्हणजे चाळीस तास. त्यात वाचणार २६,४००, त्यातून त्याचा पगार जाणार. उरलेल्या शंभर तासांना स्टँड मिळाले तरच तो परवडतो. मिळाले तर फारच चांगला परवडतो, कारण त्याचा प्रत्येक तास ८४० आणतो. म्हणून सलग तीन-चार महिने पाटीवर २८० तास भरलेले दिसले, आणि ऑर्डर परत पाठवावी लागली, तर माणूस शोधायला लाग. बरा मिग वेल्डर मिळायला वेळ लागतो, जाहिरात लावून आठवड्यात येत नाही.

बाबांशी बोलताना १५६ चा कागद बाजूला ठेव आणि हे दोन आकडे दाखव. वेल्डर मोकळे असतील तर बाहेरचा नग १४४ च्या खाली मिळाला तरच घ्यायचा, कारण घरी १५० पडतो आणि बाहेरच्यावर ६ चढतात. वेल्डर पूर्ण भरलेले असतील तर २२५ पर्यंत बाहेरून घ्यायचा, त्याच्या वर गेला तर हंगामातही घरी. तुझा २१० या दोघांच्या मधे आहे, म्हणूनच घरात एकमत होत नाहीये. प्लेटचा भाव पाच-सात रुपयांनी हलला किंवा स्टँडचा भाव बदलला की हे दोन्ही आकडे पुन्हा काढ.

आणि सुरुवात ४०० ने करू नकोस. या महिन्यात ऑर्डरी कमी असतील तर चाळीस नग घरी करून बघ, पाच स्टँडचे. पाटीवरची मिनिटं आणि गुण्याची फट, दोन्ही मला कळव.